आईचं कोपर, खालच्या काकूंचं छत आणि बत्तीस इंचांचा ओटा

आमच्या स्वयंपाकघराचं काम ज्या दोघांनी केलं, त्यांनी मला सांगितलं, ‘तुमचा अनुभव चार पानांत लिहून द्या, नव्या लोकांना दाखवायला उपयोगी पडेल.’ त्यांचं इंटिरिअर डिझाइनचं ऑफिस दोघांचंच आहे. मॅडम आराखडे करतात आणि सर कामावर उभे राहतात. मी म्हटलं, लिहितो, पण चिमणीचंही लिहीन. दोघं हसले आणि ‘लिहा की’ म्हणाले. म्हणून हे लिहितोय.

घर चिंचवडला, १९९३ सालच्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूम, ६२० चौरस फूट कार्पेट. घरात आम्ही चौघं: आई, मी, बायको आणि नववीतली मुलगी. स्वयंपाकघर साडेनऊ फूट बाय साडेसात फूट, मागे तीन फुटी ड्राय बाल्कनी. ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा, काळ्या ग्रॅनाइटचा, खाली कडाप्प्याच्या उभ्या फरश्या आणि त्यांच्यामधे ट्रॉल्या. वरच्या कपाटांची दारं बिजागऱ्यांतून सुटायला लागली होती, सिंकखालच्या ट्रॉलीचं चॅनेल गंजून अडकत होतं आणि गॅसमागच्या टाइल्सवरचं तेल आता कशानंच निघत नव्हतं. थोडक्यात, काम निघालं होतं.

आधी एका सुतारानं येऊन टेप लावली. सगळं प्लायमधे करू, आठ दिवसांत मोकळं करतो, ३,४०,००० होतील, म्हणाला. मग आम्ही एका मोठ्या शोरूममधे गेलो. तिथल्या मुलानं वीस मिनिटांत संगणकावर आमचं स्वयंपाकघर उभं करून दाखवलं. सुंदर दिसत होतं. दारांचे रंग निवडा म्हणाला. स्वयंपाक कोण करतं, हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. मलाही तेव्हा ते खटकलं नाही, हे कबूल करतो.

या मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं, ‘सकाळी स्वयंपाक किती वाजता सुरू होतो?’

‘पावणेसातला.’

‘मग शनिवारी साडेसहाला येते. काकू, तुम्ही रोज करता तसंच करा, माझ्यासाठी काही वेगळं करू नका.’

त्या गेल्यावर आई म्हणाली, ‘ही पोरगी ओटा करणार की माझी परीक्षा घेणार?’

फ्रीजशेजारचं स्टूल

शनिवारी मॅडम फ्रीजशेजारी स्टूल टाकून वही घेऊन बसल्या. पावणेदोन तास. आई पहिली दहा मिनिटं अवघडली, नंतर विसरली. मी चहा घेऊन दारात उभा होतो. मी कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. दिवसभर दुसऱ्यांची मापं तपासणं हाच माझा धंदा. आणि त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की आई कढईत काय चाललंय ते बघायला टाचा उचलते. दर वेळी. फोडणी तडतडली की टाचा वर, भाजी हलवली की टाचा वर. वीस वर्षं मी त्याच घरात जेवतोय.

मॅडमच्या वहीत आणखी होतं. कणकेच्या डब्यासाठी आणि पातेल्यांसाठी आई मिळून अकरा वेळा खाली वाकली. मिसळणाचा डबा वरच्या फळीवर, म्हणजे तो प्रत्येक भाजीला हात उंच करून काढायचा आणि परत ठेवायचा. भरलेला कुकर उतरवताना तिनं तो आधी पोटाशी टेकवला आणि मग ओट्यावर ठेवला. पदर जाड असतो म्हणून चटका बसत नाही, एवढंच.

मग त्यांनी आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात काटकोनात वाकवायला लावला आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. साडेछत्तीस इंच. आईची उंची चार फूट दहा इंच.

आमचा जुना ओटा ३४ इंचांचा. बहुतेक घरांत ३३-३४ असतो, त्यामुळे तो चुकीचा होता असं कुणी म्हणणार नाही. पण त्यावर गॅसची शेगडी ठेवली की तिच्या जाळीची उंची आणखी पाच इंच. म्हणजे कढईचा तळच ३९ इंचांवर, आईच्या कोपराच्या अडीच इंच वर. कढईचा काठ छातीशी. मॅडम म्हणाल्या, ‘ओट्याची उंची ठरवताना सगळे दगड मोजतात, भांडं कुणी मोजत नाही. परदेशी चित्रांतल्या ओट्यात शेगडी दगडात बसवलेली असते, तिथे हे चालून जातं. आपली शेगडी वर ठेवलेली असते.’

हे ऐकून मला स्वतःचा थोडा राग आला. असेंब्लीत एका भागावर दुसरा बसला की दोन्हींची जाडी मिळवायची, हे मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

आता किती उंची ठेवायची, तर त्यांनी कागदावर ठरवलं नाही. आमचं जेवणाचं टेबल ३० इंच उंच आहे. आईनं त्यावर पोळपाट ठेवून तीन पोळ्या लाटल्या. मग खाली रद्दीचा दोन इंचांचा गठ्ठा, आणखी तीन पोळ्या. मग चार इंच. चौतीसला तिचे खांदे कानाकडे चढत होते, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. तीसला म्हणाली, ‘हात चालतो, पण कंबर बोलते.’ बत्तीसला काहीच बोलली नाही, लाटत राहिली. बायकोची उंची पाच फूट चार इंच. तिला चौतीस सगळ्यांत सोपं गेलं, बत्तीस चाललं आणि तीस नको वाटलं. म्हणून बत्तीस ठरलं. त्या दिवशी नऊच्या जागी सव्वीस पोळ्या झाल्या आणि रात्री फोडणीची पोळी खावी लागली, हा भाग वेगळा.

शेवटी ओटा तीन उंचींचा झाला. लांब बाजू, जिथे चिरणं-लाटणं होतं, ती ३२ इंच. त्यातच शेगडीपुरता छत्तीस इंच रुंदीचा भाग २९ इंच, म्हणजे जाळी ३४ ला आली. सिंकची आखूड बाजू मात्र ३४ च ठेवली, कारण सिंक आठ इंच खोल असतं आणि भांडं घासणारा हात ओट्यावर नसतो, सिंकच्या तळाशी असतो. सिंक बत्तीसवर घेतलं असतं तर आई सोडून सगळ्यांचीच पाठ गेली असती.

याचे तोटेही त्यांनी आधीच सांगितले. सिंककडचं पाणी दोन इंच खालच्या ओट्यावर उतरणार, म्हणून कोपऱ्यावर ग्रॅनाइटची अर्धा इंच उंच पट्टी लागेल. शेगडीच्या दोन्ही बाजूंच्या तीन इंचांच्या पायरीत पीठ आणि तेल बसणार, ते रोज पुसावं लागेल. उद्या घर विकायला काढलं तर घेणाऱ्याला हे विचित्र वाटू शकतं. बायको म्हणाली, ‘घर विकायचं तेव्हा बघू, पोळ्या उद्यापासून करायच्यात.’ पायरी मात्र खरोखरच रोज पुसावी लागते.

डाग कुणाचा

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्या सामाईक भिंतीवर, गॅस सिलिंडरच्या मागे, ओलीचा डाग होता. जमिनीपासून साधारण अडीच फूट. रंगाचे पोपडे सुटलेले. दर दिवाळीला मी ते खरवडून लांबी भरायचो आणि होळीपर्यंत ते परत यायचे. माझी पक्की समजूत होती की हे वरच्या काकांच्या बाथरूममधलं पाणी आहे. सोसायटीच्या सभेत मी तसं बोललोही होतो आणि त्यांच्याशी माझं वर्षभर नीट बोलणं नव्हतं.

सुतार म्हणाला होता, ‘त्यावर वॉटरप्रूफ रंग मारून पुढे कपाट घेऊ, दिसणारच नाही.’ सर मात्र डागासमोर उकिडवे बसले आणि पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘वरून पाणी आलं तर डाग वर रुंद असतो आणि खाली निमुळता होत येतो. तुमचा जमिनीपासून उठलाय, वरची कड सरळ आहे आणि त्या कडेवर पांढरा खार आहे. भिंत खालून पाणी पितेय. ते जिथपर्यंत चढतं तिथे सुकतं आणि क्षार मागे ठेवतं.’

मला ते पटलं नाही, म्हणजे पटवून घ्यायचं नव्हतं. ते म्हणाले, ‘माझं ऐकू नका. तपासून बघू.’

पहिली तपासणी प्लास्टिकची. डागावरचा रंग खरवडून फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवलं. चोवीस तासांनी आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले होते. बाहेरून जमले असते तर तो हवेतला दमटपणा असता. हे आतलं पाणी होतं.

पण कुठलं? भिंतीत १९९३ चा लोखंडी पाइप होता आणि पलीकडे बाथरूमची जमीन होती. दोन्हींचा संशय घेता येत होता. त्यांनी डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली. पहिला आठवडा बाथरूमला जाणारा व्हॉल्व्ह बंद, पण आंघोळी तिथेच, स्वयंपाकघरातून बादल्या नेऊन. दुसरा आठवडा उलटं: व्हॉल्व्ह चालू, पण आंघोळी दुसऱ्या बाथरूममधे. आमच्या घरात या पंधरवड्याला अजून ‘बादलीवनवास’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात डाग रेघेवरच राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याची कड रेघेपासून तीन बोटं खाली सरकली. पाइप सुटला, जमीन अडकली.

तिसरी तपासणी पाणी कोंडण्याची. नहाणी ट्रॅपमधे कापडाचा बोळा आणि प्लास्टर भरून तो बंद केला आणि बाथरूममधे दोन इंच पाणी साठवलं. त्यात कपड्यांची नीळ घातली. पातळीला टाइलवर खूण केली. मी शेजारी एक बादली भरून ठेवली आणि तिच्यावरही खूण केली, म्हणजे उडून किती गेलं ते वेगळं कळेल. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हे मी पुढच्या कामापासून माझं म्हणून वापरणार.’

चोवीस तासांनी बादलीतली पातळी खुणेवरच होती. बाथरूममधली अर्धा इंच उतरली होती.

आम्ही खाली गेलो. पहिल्या मजल्यावरच्या काकू गेली दीड वर्षं मला जिन्यात गाठून सांगत होत्या, की त्यांच्या बाथरूमच्या छतातून ठिबकतं. मी दर वेळी ‘वरून येतंय हो, माझ्याकडेही तेच आहे’ असं सांगून सुटायचो. त्यांनी दिवा लावला. छतात आमच्या ट्रॅपचा पाइप जिथून उतरतो, तिथे पाइपाभोवती फिकट निळं वर्तुळ होतं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्याच संध्याकाळी मी वर जाऊन काकांचीही माफी मागितली. ते म्हणाले, ‘मला माहीत होतं, पण तुम्ही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता.’ मग त्यांनीच एक अट घातली: नातवाची बारावीची परीक्षा आहे, तोडफोड त्यानंतर. सोसायटीच्या परवानगीत तसंही दुपारी दोन ते चार आणि रविवारी काम बंद असं होतं. आम्ही मार्चचा शेवटचा आठवडा धरला.

गोटी आणि थांबणं

बाथरूमची जमीन उकरल्यावर कारण समोरच दिसलं. ट्रॅपची कॉलर आणि भोवतीचं सिमेंट यांच्यात करंगळी जाईल एवढी फट होती. टाइल्सखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा स्पंजासारखा भिजलेला. वास असा, की आईनं उदबत्ती लावली. सगळं स्लॅबपर्यंत काढलं. राडारोडा पोत्यांत भरून रोज संध्याकाळी खाली नेला, जिना झाडून. ही अट सरांनी गवंड्याच्या करारातच घातली होती आणि इमारतीत आमच्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही याचं श्रेय मी तिलाच देतो.

नवीन पीव्हीसी ट्रॅप बसवून त्याच्याभोवती आकसत नाही असा ग्राउट भरला. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता सिमेंटनं गोल केला, कारण लेप नेमका काटकोनातच चिरतो. मग वॉटरप्रूफिंगचा लेप दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. भिंतीवर फूटभर आणि शॉवरकडे सहा फूट उंचीपर्यंत. टाइल्स लावायच्या आधी परत पाणी कोंडलं, या वेळी अठ्ठेचाळीस तास. काकूंनी आपल्याकडून छताला वर्तमानपत्राचा कागद चिकटवून ठेवला. कोरडा राहिला.

टाइल्स लागल्यावर सरांनी खिशातून एक काचेची गोटी काढली आणि चारी कोपऱ्यांतून सोडली. तीन कोपऱ्यांतून ती ट्रॅपकडे गेली. दाराजवळून सोडलेली मधेच थांबली. गवंडी म्हणाला, गोटीच गोल नसेल. तिथल्या चार टाइल्स काढून परत लावल्या. मला फार बरं वाटलं. कारखान्यात मी असं केलं की सगळे माझ्यावर चिडतात.

आता खरी कठीण गोष्ट आली: थांबणं. गळती बंद झाली म्हणजे भिंत सुकली असं नसतं. स्वयंपाकघराकडून त्या भिंतीचं प्लास्टर तीन फुटांपर्यंत काढून विटा उघड्या ठेवल्या आणि समोर टेबलफॅन लावला. दर रविवारी प्लास्टिकचा चौकोन. पहिल्या रविवारी थेंब. दुसऱ्या रविवारी बारीक वाफ. तिसऱ्यालाही थोडी. सरांचा सुतार रोज फोन करत होता, पुढचं काम धरायचंय म्हणून. आई हॉलच्या कोपऱ्यात इंडक्शनवर वरण-भात करत होती आणि पोळ्या शेजारून येत होत्या. मीच सरांना म्हटलं, ‘आता एवढं काय, करून टाका सुरू.’

त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘करतो. फक्त मला लिहून द्या, की प्लाय फुगला तर माझी जबाबदारी नाही.’

मी लिहून दिलं नाही. पाचव्या रविवारी प्लास्टिक कोरडं निघालं, त्यानंतर त्यांनी आणखी चार दिवस घेतले. टाइल्स लागल्यापासून ३७ दिवस.

त्या काळात ओट्याखालचं ठरलं. पहिल्या सुताराच्या हिशेबात सगळे डबे प्लायचे होते. यांनी जुन्या कडाप्प्याच्या फरश्या अखंड काढायला लावल्या. सहातली एक तुटली, पाच नव्या उंचीला कापून परत उभ्या केल्या आणि एक नवीन आणली. त्यांचं कारण साधं होतं. स्वयंपाकघरातला प्लाय खालून मरतो. लादी पुसताना पाणी डब्याच्या पायाशी जातं, कापलेली कड ते शोषते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फुगते. कडाप्प्याला काही होत नाही. म्हणून प्लाय फक्त दारांना आणि ट्रॉल्यांच्या दर्शनी भागाला, आणि त्या ओल्या भिंतीच्या बाजूला मागची फळीच नाही. भिंत उघडी, म्हणजे उद्या काही झालं तर ट्रॉली ओढली की दिसेल. शोरूमच्या चित्रात ती भिंत कायमची झाकली गेली असती.

दारांना १८ मिलिमीटरचे चार शीट लागले. ते घ्यायला सर मला पुण्याच्या टिंबर मार्केटमधे घेऊन गेले आणि बिल माझ्या नावानं करायला लावलं. दुकानदारानं त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. ते मोठ्यानं म्हणाले, ‘जे काय असेल ते यांच्या बिलातून कमी करा.’ १,८०० रुपये कमी झाले. मला तेव्हा कळलं की प्लाय, लॅमिनेट आणि बिजागऱ्यांच्या दुकानातून डिझायनरला परस्पर पैसे मिळायची रीत आहे. म्हणूनच काही जण फी घेत नाहीत.

शीटवर आयएस ७१० चा शिक्का होता. या प्रतीच्या प्लायची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते, हे सरांनी सांगितलं. मी कोपऱ्याचा एक तुकडा मागून घेतला आणि घरी संध्याकाळभर पातेल्यात उकळला. चार तासांनी थर सुटले नव्हते. तुलनेला जुन्या कपाटाचा तुकडा टाकला होता, तो वहीच्या पानांसारखा उलगडला. आईनं ते पातेलं परत स्वयंपाकाला घेतलं नाही. ते आता कुंडीखाली आहे.

चिमणी

आता ते, जे लिहीन म्हटलं होतं.

चिमणी शेगडीच्या वर ठरावीक अंतरावर लागते. आमच्या चिमणीच्या कागदावर २६ ते ३० इंच दिलेलं होतं. जास्त ओढ मिळावी म्हणून २६ धरलं. पण शेगडी आम्ही खाली नेलेली. जाळी ३४ वर, त्यात २६ मिळवले की चिमणीची खालची कड जमिनीपासून ६० इंचांवर. पाच फूट. आई तिच्याखाली आरामात उभी राहते. बायकोला कपाळ जपावं लागतं. माझी उंची पाच फूट दहा इंच आणि रविवारी पोहे मी करतो.

पहिल्याच रविवारी डाव्या भुवईच्या वर लागली. दुसऱ्या रविवारी परत, तिथेच.

मॅडमना फोन केला. त्या आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘माझी चूक. मी काकूंना मोजलं, शेगडी मोजली, तुम्हाला मोजलंच नाही.’ कारणं दिली नाहीत. चिमणी चार इंच वर घेतली, तीही त्यांच्या खर्चानं. आता कड ६४ इंचांवर आहे. ती अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येते, पण मी मागे उभा राहायला शिकलोय. फोडणीचा धूर पूर्वीपेक्षा थोडा सुटतो, हेही खरं. जुनी दोन भोकं नव्या टाइल्समधे राहिली. टाइल बदलायची त्यांची तयारी होती. त्या छटेची एकही टाइल उरली नव्हती, म्हणून भोकांत दोन आकडे बसवले. एकावर झारा आणि एकावर सांडशी टांगलेली असते. येणारे पाहुणे त्याचं कौतुक करतात.

घरात सगळ्यांत उंच कोण आहे हे आता त्यांच्या पहिल्या भेटीच्या प्रश्नांत असतं, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

पैसे

स्वस्तात झालं असं मी म्हणणार नाही. स्वयंपाकघराला २,४६,००० लागले. त्यात ग्रॅनाइट, टाइल्स, ट्रॉल्या, चिमणी, नवीन वायरिंग आणि मजुरी आली. त्या दोघांची फी ३५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. बाथरूमला ८२,०००, जे आमच्या हिशेबात कुठेच नव्हते. एकूण ३,६९,३००. काकूंचं छत रंगवून दिलं त्याचे ४,५०० वेगळे. ते कुणी मागितले नव्हते. सुताराचा आकडा ३,४०,००० होता, पण त्यात बाथरूम नव्हतं आणि ती भिंत तशीच ओली राहणार होती.

बाथरूमचा खर्च निघाल्यावर त्यांनी आमच्यासमोर बसून स्वयंपाकघराच्या यादीतून गोष्टी काढल्या. छतापर्यंतची वरची कपाटं गेली, माळा जुनाच राहिला, त्याला फक्त नवी दारं. काचेची दोन दारं गेली. बायकोला ती हवी होती. तिचं अजूनही म्हणणं आहे की तेवढी तरी ठेवायला हवी होती, आणि मी या वादात पडत नाही.

हप्ते तारखेवर नव्हते, कामावर होते. पाण्याची परीक्षा पास झाल्यावर एक, ग्रॅनाइट बसल्यावर एक, ट्रॉल्या चालू झाल्यावर एक. काम जूनच्या पहिल्या आठवड्यात संपलं. मजुरीतले शेवटचे वीस हजार मात्र सरांनी स्वतःच थांबवायला सांगितले होते, पावसाळा जाईपर्यंत.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी ते प्लास्टिक आणि चिकटपट्टी घेऊन आले. आईनं सिलिंडरशेजारची ट्रॉली ओढून काढली आणि भिंत दाखवली. चौकोन चिकटवला. रविवारी सकाळी मी, ते आणि खालच्या काकू अशा तिघांनी मिळून तो उघडला. काकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी प्लास्टिक उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘कोरडं आहे. द्या त्यांचे पैसे.’

चेक मी आधीच लिहून ठेवला होता.